ओढा खळखळ वाहिला, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

आज आपल्या बोलण्यात रोज येणाऱ्या शब्दांविषयी बोलायचं आहे. टणाटण, खळखळ, टपटप, घळाघळा. हे शब्द आपण शिकत नाही, ते कानातून आपोआप येतात. ते इंग्रजीत न्यायची वेळ आली तेव्हा मला कळलं की त्यांच्यात किती काम दडलेलं आहे.

झालं असं, की आमच्या गटाच्या कामाची एक छोटी इंग्रजी पुस्तिका करायची होती. बाहेरून पाहुणे येणार होते. मी बी.ए. झालेली, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. नाल्यावर बंधारा घातल्यानंतरच्या पहिल्या पावसाबद्दल गटातल्या एक मावशी सांगत होत्या, "ओढा खळखळ वाहिला, पोरं टणाटण उड्या मारायला लागली, आन् माझ्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी आलं." मी त्याचं इंग्रजी केलं. मग त्या इंग्रजीचा अर्थ मावशींना मराठीत वाचून दाखवला: ओढा वेगाने वाहिला. मुलांनी उड्या मारल्या. मी खूप रडले.

मावशी म्हणाल्या, "अगं, हा तर तलाठ्याचा पंचनामा झाला. यात मी कुठाय?"

चूक कुठे झाली ते बघू. मराठीत आपण क्रियापद साधंच ठेवतो आणि त्याच्या शेजारी आवाज बसवतो. पाऊस टपटप पडतो, पानं सळसळ हलतात, पाणी खळखळ वाहतं. पडणं, हलणं, वाहणं हे साधे शब्द. सगळी जान शेजारच्या शब्दात. मी शेजारचा शब्द उचलून त्या जागी 'वेगाने', 'खूप' असं घातलं आणि जान गेली. इंग्रजीत आवाज बहुतेक वेळा क्रियापदाच्या पोटातच असतो. पावसाचं टपटप पडणं म्हणजे पॅटर, नळाचं टपटप गळणं म्हणजे ड्रिप, पानांचं सळसळणं म्हणजे रसल. तिथे 'पडणं' वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून पहिला शोध घ्यायचा तो क्रियापदाचा.

पण एका मराठी शब्दाला एकच इंग्रजी क्रियापद मिळेल, असं समजू नका. खळखळ हाच शब्द घ्या. ओढा खळखळ वाहतो, पाण्याला खळखळून उकळी येते, नात खळखळून हसते, आणि आपण खळखळून चूळ भरतो. आपल्या कानाला चारही ठिकाणी एकच आवाज येतो. इंग्रजीत मात्र चार वाटा होतात. उकळीला स्वयंपाकाच्या पुस्तकांत ठरलेला शब्द आहे, रोलिंग बॉइल, म्हणजे ढवळलं तरी बुडबुडे थांबत नाहीत अशी उकळी. नुसतं बॉइल लिहिलं तर एखादी बाई पहिला बुडबुडा दिसताच पातेलं उतरवेल. पाकाच्या किंवा पिण्याच्या पाण्याच्या कृतीत हा फरक महागात पडतो. हसण्याला पील हा शब्द चालतो, तो मुळात घंटानादाचा. चूळ भरण्याला स्विश. आणि ओढ्याला?

ओढ्यापाशी मी दोन दिवस अडले. बॅबल म्हणतात, पण ते लहानशा, लाडिक झऱ्याचं बोलणं. गर्गल म्हटलं तर बाटलीच्या तोंडातून किंवा मोरीच्या भोकातून पाणी जाताना जो गुडगुड आवाज होतो, तो कानी येतो. रोअर म्हणजे पुराची गर्जना. मावशींना मी विचारलं, "पाणी किती होतं?" त्या म्हणाल्या, "गुडघ्याएवढं. दगडं दिसत होती." मग मी चॅटर घेतलं. त्यात दगडावरून आपटत येणाऱ्या पाण्याचा खडखडाट आहे, आणि चॅटर म्हणजे बायकांची अखंड बडबडही. सोबत दगडही लिहिले. इंग्रजी क्रियापद अपुरं पडलं, तर आवाज कशातून निघतो ती वस्तू वाक्यात आणावी. वाचणाऱ्याला दगड दिसला, की पाण्याचा आवाज त्याचा तोच ऐकू येतो.

आता टणाटण. इथे आधी आपल्याच भाषेतली एक गंमत. टणटण आणि टणाटण यांत नुसत्या एका काना-मात्रेचा फरक नाही. टणटण शाळेची घंटा वाजते, शांतपणे, ठरल्यासारखी. मधे 'आ' आला की जोर आणि घाई येते, एकामागून एक, दम न घेता. छाती धडधडते, पण भांडी धडाधड पडतात. काम पटपट करतो, पण पटापट म्हटलं की हात आणखी उचलतात. हा 'आ' इंग्रजीत नेता येत नाही. बाउन्स म्हटलं तर उसळी येते, पण ती रबरी चेंडूची, मऊ. टणाटणमधल्या 'ट'चा कडकपणा त्यात नाही. हॉप म्हणजे लंगडी घातल्यासारखं. लीप म्हणजे एकच लांब उडी. शेवटी मी सगळ्यात साधा शब्द घेतला, जम्प, आणि तो तीनदा लिहिला: पोरं जम्प्ड अँड जम्प्ड अँड जम्प्ड. आवाज गेला, पण ठेका राहिला. टणाटणमध्ये मला ठेकाच जास्त मोलाचा वाटला.

कुणी म्हणेल, शब्दच दोनदा लिहावा, इंग्रजीत टिक-टॉक, डिंग-डाँग आहेतच की. आहेत, पण ते बहुतेक बालगीतांत आणि लहान मुलांच्या गोष्टींत शोभतात. मोठ्या बाईच्या तोंडी घातले तर ती बोबडी बोलल्यासारखी वाटते. मावशींचं दुःख-सुख बोबडं झालेलं मला नको होतं.

घळाघळा मात्र सोपं गेलं. अश्रूंना स्ट्रीम्ड लिहिलं. मग लक्षात आलं, की ओढ्यालाही वर स्ट्रीमच लिहिलंय. मी खोडणार होते. मावशींना सांगितलं, की यांच्या भाषेत ओढा आणि डोळ्यांतून पाणी वाहणं याला एकच शब्द आहे. त्या जरा गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे."

जमलं की नाही हे तपासायला मी एक साधी युक्ती केली. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला फक्त इंग्रजी वाक्य दिलं आणि सांगितलं, बोलू नको, हातांनी करून दाखव. पहिल्या मसुद्याला तिने नुसते हात हलवले. दुसऱ्याला तिने बोटं दगडांवरून वाहिल्यासारखी नाचवली आणि मग जागच्या जागी तीन उड्या मारल्या.

एक गोष्ट मात्र तशीच सोडली. पुस्तिकेच्या शेवटी आम्ही भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घातली आहे. तिच्यातलं टुणुक टुणुक. टणाटणहून हे केवढं हलकं, नुसत्या 'उ'मुळे उडी लहान आणि गोल होते! बंप म्हटलं तर भोपळा आपटतो, रोल म्हटलं तर उडीच राहत नाही. म्हणून टुणुक टुणुक हेच इंग्रजी अक्षरांत लिहिलं, अर्थ न देता. बाजूच्या वाक्यात भोपळा उसळत चालला आहे, म्हातारी आत बसली आहे, बाहेर वाघ उभा आहे. पाहुण्यांपैकी एकीने ते मोठ्याने वाचलं. 'ण' तिला जमला नाही, टुनुक टुनुक म्हणाली, पण मान मात्र बरोबर ठेक्यात हलवली.