दिले, बाकी, मिळाले

नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी हातात एक पिशवी पडते: ओळखपत्र, लॅपटॉप, टी-शर्ट, डायरी. सोबत एक यादी येते आणि खाली सही मागितली जाते. घोटाळे या एकाच सहीत होऊ शकतात, कारण ती सगळ्या वस्तूंसाठी मिळून घेतलेली असते.

समजा, चाकणच्या कारखान्यात एक अभियंता रुजू झाला. लॅपटॉप, चार्जर आणि हेल्मेट मिळाले; पण नऊ नंबरचे सेफ्टी शूज भांडारात नव्हते. एकच सही घेतली, तर कागदोपत्री शूजही दिलेले ठरतात. पुन्हा मागणी कोणी नोंदवत नाही आणि तो साध्या बुटांत यंत्रांजवळ उभा राहतो.

म्हणून चांगल्या यादीत प्रत्येक वस्तूची स्वतंत्र ओळ असते. ‘दिले’ हे देणारा तारखेसह लिहितो, ‘मिळाले’ हे घेणारा वस्तू तपासून लिहितो. ‘बाकी’पुढे कारण, जबाबदार व्यक्ती आणि अपेक्षित तारीख हवी. लॅपटॉपच्या ओळीत सिरीयल नंबर हवाच, कारण नोकरी सोडताना तोच ताडून पाहिला जातो.

घरून काम करणाऱ्याला वस्तू कुरिअरने जाते, तेव्हा ‘दिले’ आणि ‘मिळाले’ यांत काही दिवस जातात. हे अंतर लांबले, तर पार्सल अडकले किंवा पोच राहिली, हे लगेच कळते.

तुम्ही नव्याने रुजू होत असाल, तर न मिळालेल्या वस्तूपुढे ‘बाकी’ लिहूनच सही करा आणि यादीची प्रत मागून घ्या.