फोटोतला रंग डब्यात का सापडत नाही

भिंतीचा जवळून काढलेला फोटो दाखवून ‘हाच रंग द्या’ म्हटलं, की डबा बहुतेक वेळा वेगळाच निघतो. चौकटीत नुसती भिंत असेल, तर पिवळेपणा रंगाचा की बल्बचा, हे कॅमेऱ्याला कळत नाही. तो अंदाजाने पिवळेपणा कमी करतो आणि बदामी भिंत राखाडी दिसू लागते. शेजारी पांढरा कागद धरला तर ही चूक निदान लक्षात येते; पण दुकानदाराच्या मोबाइलवर छटा पुन्हा बदलतेच. त्यापेक्षा रुपयाएवढा पोपडा सुरीने अलगद काढून न्यावा. दुकानातलं यंत्र त्यावर ठरावीक प्रकाश टाकून परतलेला प्रकाश मोजतं. तरी जुना रंग सगळीकडे सारखा उतरलेला नसतो, म्हणून आधी हातभर पट्टा लावून, वाळल्यावर दिवसा आणि दिव्याखालीही पाहावा.