मुरूम की काळा पाषाण?

दख्खनच्या पठारावर पाया खोदताना खाली मुरूम लागेल की काळा पाषाण, हे आधी कुणालाच ठाऊक नसते. टेंडर मात्र कधीकधी ठोक रकमेचे असते.

समजा, एक ठेकेदार २० लाखांचा दर भरणार आहे. मुरूम लागला तर खर्च १४ लाख, म्हणजे नफा ६ लाख. पाषाण लागला तर खर्च २४ लाख आणि तोटा ४ लाख. अनुभवाने तो पाषाणाची शक्यता ४० टक्के धरतो. आता निर्णयवृक्ष काढायचा: आपल्या हातातल्या निर्णयाला चौकोन, नशिबाच्या फाट्याला वर्तुळ. हिशेब मात्र शेंड्याकडून बुंध्याकडे. सहाचे ६० टक्के ३.६ लाख, त्यातून चारचे ४० टक्के, म्हणजे १.६ लाख वजा. काम मिळाल्यास अपेक्षित नफा २ लाख. काम मिळण्याची शक्यता ४० टक्के, म्हणून उरले ८० हजार. टेंडरची तयारी २० हजारांची, ती काम मिळो न मिळो जातेच. शिल्लक ६० हजार, टेंडर भरावे.

पाषाणाची शक्यता ५५ टक्क्यांवर गेली, की हीच शिल्लक शून्य होते.

खरी गोम पुढे आहे. काम बहुधा सर्वांत कमी दरवाल्याला मिळते, आणि पाषाणाला सर्वांत कमी धरणाराही बहुधा तोच असतो! म्हणून ‘काम मिळाले तर’ या फांदीवर पाषाणाची टक्केवारी वाढवूनच धरावी. आणि ४ लाखांचा फटका ज्याला झेपणार नाही, त्याने हे टेंडर सोडलेलेच बरे.