रसवंतीच्या चरकाला बोट का जाणवत नाही?

नगर-मनमाड रस्त्यावर राहुरीच्या आसपास रस प्यायला थांबलात, तर चरकाकडे नीट बघा. मोटर भन्नाट फिरतेय, रोलर मात्र अगदी सावकाश. असं का?

समजा, २ एचपीची इंडक्शन मोटर मिनिटाला १४४० फेरे घेते. पट्टा हा वेग ४ पट कमी करतो, पुढच्या दोन गिअर-जोड्या प्रत्येकी ५ पट. एकूण १०० पट, म्हणजे रोलरचे जेमतेम १४ फेरे. वेग घटतो तशी पिळण्याची ताकद वाढते: मोटरचे १० न्यूटन-मीटर घर्षणात थोडे गमावूनही रोलरवर सुमारे ८०० होतात.

ऊस दुमडून पुन्हा घातला की झटका बसतो. मोटर किंचित मंदावते, जास्त करंट ओढते. फारच अडकलं तर पट्टा घसरतो आणि गिअरचे दात वाचतात. किंचाळल्यासारखा आवाज, जळक्या रबराचा वास ही त्याची खूण. म्हणून पट्टा अति ताणू नये.

पण ही सोय हाताला वाचवत नाही. उसापुढे बोटाचा विरोध काहीच नाही. ना पट्टा घसरतो, ना ओव्हरलोड रिले पडतो. १० सेंमी व्यासाचा रोलर सेकंदाला सात-साडेसात सेंमी आत ओढतो, म्हणजे बोटाच्या टोकापासून मनगटापर्यंत अडीच सेकंद!

उघड्या गिअरमध्ये दात एकमेकांत शिरतात ती बाजू सगळ्यात घातक. तिथे बोल्टने घट्ट बसवलेलं पत्र्याचं कव्हर हवंच. वंगण घालताना किंवा अडकलेला चोथा काढताना आधी मेन स्विच बंद करा.