परदेशातली भाड्याची खोली: जाहिरातीतली तुटक अक्षरं

लांज्याकडच्या एका बचत गटातल्या ताईंची लेक इंग्लंडला लेस्टर शहरात शिकायला निघाली आहे. तिथे आधीच पोचलेल्या गावातल्या मुलाने एका दुकानाच्या काचेवरच्या जाहिरातीचा फोटो काढून पाठवला. मुलगी इंग्रजीत शिकलेली, तरी तिला त्याचा अर्थ लागेना. म्हणून माय-लेकी आमच्याकडे आल्या. फोटोत एवढंच होतं:

```
Dbl rm in 4 bed hse. £130 pw
Bills exc. 5 wks dep. F/F
Students only
```

पुण्यात 'कॉट बेसिस' लिहिलं की आपल्या मुलांना कळतं, तशीच ही तिथली बोली.

पहिली ओळ सोपी आहे. चार झोपायच्या खोल्यांच्या घरातली एक खोली. 'डबल' म्हणजे दोघींची खोली नव्हे, मोठा पलंग मावेल अशी एकीची खोली. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा सगळ्यांचं मिळून.

खरी मेख भाड्यात आहे. 'पीडब्ल्यू' म्हणजे दर आठवड्याला. काही जाहिरातींत 'पीसीएम' असतं, म्हणजे दर महिन्याला. ताईंनी १३० ला चाराने गुणून महिन्याचे ५२० पौंड धरले होते आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या अर्जात तोच आकडा लिहायचा होता. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हे. १३० गुणिले ५२ म्हणजे वर्षाचे ६,७६० पौंड. त्याला बाराने भागलं की महिन्याचे सुमारे ५६३ होतात. महिन्याला ४३ चा फरक किरकोळ वाटतो, पण वर्षाकाठी तो बरोबर ५२० पौंडांचा, म्हणजे चार आठवड्यांच्या भाड्याएवढा होतो. कर्ज एकदा मंजूर झाल्यावर ही तूट घरातूनच भरावी लागली असती.

पुढे 'बिल्स'. त्याच्यापुढे 'आयएनसी' असेल तर वीज, गॅस, पाणी भाड्यातच धरलेलं असतं. इथे 'ईएक्ससी' आहे, म्हणजे ते सगळं वेगळं. तिथल्या थंडीत घर गरम ठेवायलाच मोठा खर्च येतो, त्यामुळे वेगळ्या बिलांची स्वस्त खोली शेवटी महागही पडते. मागच्या हिवाळ्यात एकेकाच्या वाट्याला किती आलं, हे तिथे राहणाऱ्यांनाच विचारावं. बिलं भाड्यात असली तरी वापराला मर्यादा आहे का, तेही विचारायचं. 'स्टुडंट्स ओन्ली' मात्र फायद्याचं आहे. घरात सगळेच पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तिथली घरपट्टी, म्हणजे 'कौन्सिल टॅक्स', माफ असते. त्यासाठी विद्यापीठाचा दाखला लागू शकतो.

'डेप' म्हणजे डिपॉझिट, आपली अनामत. पाच आठवड्यांची म्हणजे ६५० पौंड. इंग्लंडात २०१९ च्या कायद्याने साधारण भाड्याच्या घराला यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. खोली अडवून ठेवायला आगाऊ रक्कम मागितली तर तीही एका आठवड्याच्या भाड्यापुरतीच, इथे १३० पौंड. अनामत घरमालकाने खिशात ठेवायची नसते. ३० दिवसांच्या आत ती सरकारमान्य योजनेत सुरक्षित करून तसं भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. ते कागद आले नाहीत तर गप्प बसू नये. एक अपवाद ध्यानात ठेवा: मालक त्याच घरात राहत असेल तर ही योजना सहसा लागू होत नाही. स्कॉटलंडचे नियमही वेगळे आहेत.

हे सगळं खोली खरी असेल तर. फोटोतल्या जाहिरातीवरून खोली आहे की नाही, हेच कळत नाही. म्हणून ताईंच्या लेकीने त्या मुलालाच घर बघायला पाठवलं आणि मोबाईलवर खोली दाखवायला सांगितली. घर बघू न देता 'आज पैसे पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. विद्यापीठात राहण्याच्या सोयीचा विभाग असतो, तिथेही चौकशी करता येते.

राहिलं 'एफ एफ'. म्हणजे सामानासकट खोली. पलंग, गादी, कपाट, टेबल-खुर्ची बहुधा मिळतं. चादर, उशी, रजई, ताट-वाटी, कुकर हे धरू नका. पण हीच दोन अक्षरं कोणी फ्रीजसाठीही लिहितात, म्हणून सामानाची यादी लेखी मागवलेली बरी. ती यादी हातात घेऊन पहिल्याच दिवशी सामानाचे, भिंतींवरच्या डागांचे आणि गादीचे फोटो काढून मालकाला पाठवायचे. घर सोडताना अनामतीतून पैसे कापायचा वाद निघाला, तर योजनेवाले तेच फोटो मागतात.