दवाखान्याची ओळख दोन ओळींत

गूगलवर दवाखाना शोधला की निळ्या मथळ्याखाली दोन-तीन ओळींचा मजकूर दिसतो. तो बऱ्याचदा वेबसाइटच्या कोडमध्ये लिहिलेल्या वर्णनातून उचललेला असतो. वर्णन कितीही लांब लिहा, गूगलची हरकत नसते; पण पडद्यावर मावेल तेवढेच दिसते आणि पुढे तीन टिंबे येतात. संगणकावर साधारण १५५ ते १६०, मोबाइलवर १२० अक्षरे, असा ढोबळ हिशेब धरतात.

साताऱ्यातल्या एखाद्या दंतवैद्याच्या वेबसाइटवर असा मजकूर असल्याचे समजू: ‘आमच्या दवाखान्यात आपले सहर्ष स्वागत आहे. गेली अनेक वर्षे रुग्णसेवा हेच ध्येय मानून अत्याधुनिक उपकरणे व अनुभवी कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने आम्ही साताऱ्यात दातांचे सर्व उपचार माफक दरात करतो. दवाखाना सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ९ उघडा असतो.’ ही झाली २५९ अक्षरे. १२० वर कात्री लागली तर ती ‘कर्मचाऱ्यांच्या’ या शब्दातच. म्हणजे रात्री दाढ ठणकतेय म्हणून मोबाइल उघडणाऱ्याला ना गाव कळते, ना हा दातांचा दवाखाना आहे हे, ना वेळ. स्वागत मात्र झालेले असते!

इथे एकेक शब्द छाटत बसण्यात अर्थ नाही. रुग्णाला आधी काय हवे, त्या क्रमाने नव्याने लिहावे: गाव, उपचार, वेळ.

```html
<meta name="description" content="साताऱ्यात दातांचा दवाखाना. रूट कॅनाल, कवळी, लहान मुलांचे दात. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १, संध्याकाळी ५ ते ९. रविवारी बंद.">
```

ही १२५ अक्षरे. शेवट कापला गेलाच तर फार तर ‘रविवारी बंद’ जाईल, आणि ते आधीच्या वाक्यावरून कळतेच. मजकुरात सरळ दुहेरी अवतरणचिन्ह मात्र टाकू नका. वर्णन तिथेच संपले असे कोड समजतो आणि पुढचे सगळे गळते.

मराठीत मोजणीची एक गंमत आहे. संगणक काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजतो. ‘दातांचा’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, त्याच्या लेखी सात. पण अनुस्वार किंवा मात्रा आडवी जागा जवळपास घेतच नाही, आणि गूगल कापते ते रुंदी पाहून. म्हणून आकड्यावर विसंबू नये. आपल्या मोबाइलवर शोधून डोळ्यांनी पाहावे.

बदल लगेच दिसत नाही. गूगलने पान पुन्हा वाचायला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. ‘सर्च कन्सोल’मधून तशी विनंती करता येते. शिवाय कुणी ‘रूट कॅनाल खर्च’ असे शोधले तर गूगल तुमचे वर्णन बाजूला ठेवून पानातलेच एखादे वाक्य दाखवू शकते. तेव्हा गाव, उपचार आणि वेळा पानावरही स्पष्ट लिहिलेल्या हव्यात. वर्णन सुधारल्याने दवाखाना यादीत वर चढत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितले आहे. त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.