त्रिफळा चूर्ण विरुद्ध यष्टी महामंडळ

ऑफिसातल्या फँटसी क्रिकेट लीगच्या गुणतक्त्यात ‘त्रिफळा चूर्ण’ असं नाव दिसलं की वाचणारा आधी हसतो आणि मग आपण का हसलो ते शोधतो. हिरडा, बेहडा, आवळा ही त्रिफळ्यातली फळं तीन, यष्ट्याही तीनच. फलंदाज त्रिफळाचीत होतो, हे तर समालोचनात नेहमीचंच. चूर्ण म्हणजे पूड, आणि वेगवान चेंडू यष्ट्यांचं तेच करतो. शिवाय रात्री घेतलं की सकाळी परिणाम, हा भाग संघमालक काही न बोलता प्रतिस्पर्ध्यांवर सोपवतो.

आता ‘फळंदाज’ घ्या. इथेही एक अक्षर बदललंय, पण फळांचा फलंदाजीशी संबंध काय? काहीच नाही. नुसता आवाज जुळला की कोटी अर्धवट राहते. दोन्ही अर्थ आपापल्या जागी पूर्ण हवेत आणि दोन्ही संघाला लागू पडायला हवेत. ‘यष्टी महामंडळ’ याच कसोटीवर उतरतं. गावाकडे एसटीला यष्टीच म्हणतात. तक्त्यात तळाशी असलेल्या संघाला हे नाव विशेष शोभतं: गाडी उशिरा येईल, पण येईल.

खेळाडूच्या नावावरच्या कोट्या लवकर सुचतात. त्यांतली ‘कोहलीवाडा’ खरोखर चांगली, कारण कोळीवाड्याला फारसा धक्का न लावता विराट त्यात जाऊन बसतो. अडचण वेगळीच आहे. फँटसीत अकरा खेळाडू सामन्यागणिक बदलता येतात, संघाचं नाव मात्र बहुधा हंगामभर तेच राहतं. कोहलीला वगळलं त्या दिवशी वाडा रिकामा. खेळाच्या शब्दांवर बेतलेलं नाव असं शिळं होत नाही.

नाव कुठे वाचलं जाणार, हेही पाहावं लागतं. गोलंदाजांवर भिस्त असलेल्या संघाला ‘बळीराजा’ झकास. पण रोमन अक्षरांत ते ‘Bali Raja’ झालं की ‘ळ’ हरवतो आणि शेतकऱ्याऐवजी इंडोनेशियातलं बेट आठवतं.

क्विझमध्ये नाव मोठ्याने पुकारलं जातं, म्हणून तिथे ते सूत्रसंचालकाच्या वाक्यात बसवून पाहावं. ‘प्रश्नच नाही’ हा संघ घ्या. “पुढचा प्रश्न, प्रश्नच नाही यांना,” असं म्हणताना सूत्रसंचालक स्वतःच अडखळतो. निकालाला “पहिला क्रमांक? प्रश्नच नाही!” हे वाक्य जिंकल्यावर जितकं चालतं, तितकंच हरल्यावरही. ‘उत्तरपूजा’ही छान, गणपतीच्या दिवसांत तर जास्तच. ‘उत्तरकार्य’ मात्र टाळावं. समोरच्या कुणाच्या घरी नुकतंच ते झालेलं असेल, तर कोटी कितीही चोख असली तरी हसू येणार नाही.

आणि सर्वांत सोपी परीक्षा: नाव सांगितल्यावर ते समजावून द्यावं लागलं, तर दुसरं शोधा.